दहा मिनिटांत पुरा होणारा सिनेमा कसा शोधायचा

माझी धाकटी बहीण रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीत तिला मध्ये दहा-बारा मिनिटं मिळतात. चहा पिऊन झाला की ती मोबाइलवर काहीतरी बघायला बसते. गेल्या दिवाळीत ती मला म्हणाली, "दादा, दहातली सात मिनिटं काय बघू हे शोधण्यातच जातात. उरलेल्या तिनांत मी कुठल्यातरी सिनेमाची सुरुवात बघते आणि उठते. शेवट बघितलेला सिनेमा मला आठवतच नाही." तिच्यासाठी मी त्या आठवड्यात एक यादी केली. ती करताना जे करावं लागलं ते इथं पायरी-पायरीनं लिहितोय. अडीच तासांचा सिनेमा अंगावर येतो, पण दहा मिनिटं मोकळी आहेत, असं ज्यांचं होतं त्यांना ते उपयोगी पडेल.

आधी आपली दहा मिनिटं मोजा

दहा मिनिटांची सुट्टी म्हणजे दहा मिनिटांचा सिनेमा नव्हे. जागेवर जाऊन बसणं, हेडफोन लावणं, सुरुवातीची जाहिरात जाऊ देणं यात एक मिनिट जातं. संपल्यावर लगेच उठून कामाला लागायचं तर निदान अर्धं मिनिट डोळे मिटून बसायला हवं, नाहीतर बघितलेलं आत उतरत नाही. म्हणून हातात खरी आठ-साडेआठ मिनिटं राहतात.

मात्र लघुपटाच्या छापील लांबीत श्रेयनामावलीही धरलेली असते आणि ती बऱ्याचदा अख्खं मिनिट खाते. आपल्याकडच्या, एखाद्या ब्रँडने सादर केलेल्या लघुपटांना सुरुवातीलाही पाट्या असतात. त्यामुळे अकरा मिनिटं लिहिलेला सिनेमा प्रत्यक्षात साडेनऊचा निघू शकतो. खात्री करायची तर सरकपट्टी शेवटाकडे ओढा आणि नावं कुठे सुरू होतात ते पाहा. चित्राकडे लक्ष जाऊ देऊ नका, नाहीतर शेवट आधीच कळेल. मी तर पडदा हाताने झाकून फक्त खालचा आकडा बघतो.

नवख्या माणसाला 'शॉर्ट फिल्म' हा शब्दच पहिल्यांदा फसवतो. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट ठरतो. महोत्सवांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. म्हणून लघुपट म्हणून गाजलेला सिनेमा आपल्या सुट्टीत मावेलच असं नाही. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' (२००९) पंधरा मिनिटांचा आहे. त्यांचाच 'पावसाचा निबंध' (२०१७) पंचवीस मिनिटांच्या घरातला. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' वीस मिनिटांच्या पुढे जातो. तिन्ही जरूर बघा, पण जेवणाच्या सुट्टीत किंवा रविवारी. दहा मिनिटांत अर्धे बघू नका. लघुपट लिहिलेलाच असतो एका बैठकीसाठी. मोठ्या सिनेमात दुसऱ्या दिवशी परत शिरता येतं, कारण पात्रांची ओळख पक्की झालेली असते. इथे ओळख आणि शेवट यांत पाच मिनिटांचंही अंतर नसतं, त्यामुळे मधे तोडलं की दोन्ही बाजू लुळ्या पडतात. काम आलं आणि उठावं लागलं, तर पुढच्या वेळी पहिल्यापासून लावा.

दहा मिनिटं हे माप तसं सिनेमाच्या फार ओळखीचं आहे. ३५ मिलिमीटर फिल्मचं हजार फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चाललं की साधारण अकरा मिनिटांत संपतं. म्हणून 'एक रिळाचा सिनेमा' हा वेगळा प्रकारच होता. ज्यांनी एकपडदा थिएटरचे दिवस बघितले आहेत, त्यांना मुख्य चित्रपटाच्या आधीचा फिल्म्स डिव्हिजनचा छोटा माहितीपट आठवत असेल. तो दाखवणं थिएटरांना बंधनकारकच होतं. आपण त्या वेळात बाहेर उभे राहून शेंगदाणे घ्यायचो. त्यात काय काय निसटलं ते खाली येईलच.

शोधपेटीत काय लिहायचं

यूट्यूबवर नुसतं `short film` किंवा `marathi short film` लिहिलं तर समोर तीन गोष्टींचा ढीग येतो: उभ्या व्हिडिओंचे तुकडे, मालिकांचे कापलेले प्रसंग आणि शेवटी हात जोडून उपदेश करणारे व्हिडिओ. चांगलं त्यातही असतं, पण दहा मिनिटांच्या सुट्टीत ते उपसून काढता येत नाही. शोधाच्या निकालांवर `Filters` आहे, त्यात `Duration` असतं. त्यातला वीस मिनिटांपर्यंतचा मधला गट निवडला की तुकडे तरी गळतात.

खरा उपाय मात्र उलट दिशेने जाण्याचा आहे. आधी सिनेमाचं नाव बाहेरून मिळवा आणि मग नाव, दिग्दर्शक, वर्ष असं तिन्ही लिहून शोधा. नावं मिळण्याची उत्तम जागा म्हणजे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा 'नॉन-फीचर' विभाग. वर्तमानपत्रं त्याला दोन ओळी देतात, म्हणून तो आपल्या नजरेत येत नाही. 'पिस्तुल्या'साठी मंजुळे यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच विभागात, आणि तेव्हा 'फँड्री', 'सैराट' दोन्ही व्हायचे होते. दर वर्षीची ती यादी उघडा, मराठी आणि शेजारच्या भाषांतली नावं वहीत उतरवा. एका संध्याकाळचं काम आहे आणि वर्षभर पुरतं.

दुसरी जागा `nfb.ca`. हे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचं संकेतस्थळ. हजारो लघुपट आणि ॲनिमेशनपट तिथे मोफत बघता येतात आणि प्रत्येकाखाली मिनिटं लिहिलेली असतात. तिसरी `shortoftheweek.com`. तिथे लोक स्वतः बघून निवड करतात आणि प्रत्येक सिनेमाबरोबर छोटं परीक्षण देतात. परीक्षण सिनेमानंतर वाचा, कारण पाच-सात मिनिटांच्या गोष्टीबद्दल दोन वाक्यं लिहिली तरी अर्धी गोष्ट सांगून होते.

नाव सापडल्यावर प्रत खरी आहे का ते पाहा. चढवणारा स्वतः दिग्दर्शक, निर्माता किंवा संग्रहसंस्था आहे का ते बघा. मग `letterboxd.com`वर त्या सिनेमाच्या पानावर खाली दिलेली मिनिटं आणि समोरच्या प्रतीची मिनिटं ताडून बघा. एक-दीड मिनिटाचा फरक दिसला तर काहीतरी कापलेलं आहे किंवा वेग बदललेला आहे.

एका सिनेमाचं बोट धरून दुसरा

ताईसाठी (वयाने लहान असली तरी आमच्या घरात सगळे तिला ताईच म्हणतात) मी पहिला निवडला तो नॉर्मन मॅक्लॅरेनचा 'नेबर्स' (१९५२). तो कॅनडाच्या त्या मंडळाचाच, आठ मिनिटांचा, आणि त्यात एकही संवाद नाही. दोन शेजारी हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेत, हद्दीवर एक फूल उगवतं, आणि ते कुणाचं यावरून मारामारी सुरू होते. माणसं खरी आहेत, पण बाहुल्यांसारखी एकेक चौकट थांबवून चित्रित केलेली. त्यामुळे ती जमिनीवरून घरंगळल्यासारखी सरकतात, उभ्या उभ्या तरंगतात. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. आवाजसुद्धा वाद्यांचा नाही, मॅक्लॅरेनने फिल्मच्या ध्वनिपट्टीवर आकृत्या उमटवून तो तयार केला आहे.

प्रतीची मिनिटं ताडायला मी का सांगतो, ते याच सिनेमावरून कळतं. शेवटाकडे दोघं एकमेकांच्या बायकामुलांवर हात टाकतात. तो भाग लोकांना सहन झाला नाही म्हणून काही काळ कापून टाकला होता आणि नंतर तो परत जोडला गेला. कापलेली प्रत हाती आली तर सिनेमा विनोदी वाटतो, पुरी प्रत बघितली तर घशाशी येतो.

'नेबर्स' आवडला की पुढचं पाऊल सोपं आहे: हेच तंत्र आपल्याकडे कुणी वापरलं? शोध फिल्म्स डिव्हिजनपाशी येऊन थांबतो, म्हणजे मुंबईतल्या पेडर रोडवर. प्रमोद पती यांनी १९७२च्या सुमारास चित्रकार आबिद सुरती यांना एका रिकाम्या खोलीत सोडलं आणि भिंती, जमीन, अंग सगळं रंगत जाताना त्याच पद्धतीने टिपलं. 'आबिद' जेमतेम पाच मिनिटांचा आहे. पती यांचाच 'एक्सप्लोरर' (१९६८) सातेक मिनिटांचा. त्यात नाचणारी तरुण मुलं, देवळं, यंत्रं, मंत्र, सगळं इतक्या वेगाने अंगावर येतं की पहिल्यांदा काहीच हाती लागत नाही. हे सरकारी पैशातून झालं यावर विश्वास बसत नाही. आपण शेंगदाणे घेत होतो तेव्हा आत असंही काही चालायचं. ताईला 'आबिद' फार आवडला. 'एक्सप्लोरर'ने मात्र तिचं डोकं दुखलं, आणि रात्री तीन वाजता तसा सिनेमा देणं ही माझी चूक होती. थकलेल्या डोळ्यांना वेगवान संकलन नको असतं. तो तिने नंतर सुट्टीच्या दिवशी सकाळी बघितला.

फिल्म्स डिव्हिजनच्याच पेटीत 'एक अनेक और एकता' आहे (१९७४, सातेक मिनिटं). दूरदर्शनवर वाढलेल्या प्रत्येकाला त्यातलं गाणं पाठ असतं. पण तो विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि भीमसेन यांनी त्याचं ॲनिमेशन केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लहानपणी तो तुकड्या-तुकड्यांत बघितलेला असतो. आता एकदा सलग बघा. शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं एकत्र उडतात, त्या आधीचा तो क्षणभराचा थांबा किती नेमका आहे हे मोठेपणीच कळतं.

मला सांगायचं आहे ते हेच: यादी शोधयंत्राने सुचवलेल्या क्रमाने वाढवू नका. आवडलेल्या सिनेमातली एक गोष्ट पकडा. ती तंत्र असेल, दिग्दर्शक असेल, नाहीतर जागा असेल. तिचा पुढचा धागा ओढा. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' सुट्टीत मावत नाही, पण त्याच नावाचा धागा धरला की 'गारुड' (२००८) मिळतो, दहा-अकरा मिनिटांचा. त्यात एका लॉजची खोली आहे आणि तिथे येऊन गेलेली निरनिराळी माणसं. कॅमेरा सरकत राहतो, खोली तीच राहते आणि आयुष्यं बदलत जातात. तो बघताना हेडफोन हवाच, कारण अर्धी गोष्ट आवाजात आहे.

अँथॉलॉजी: आधी भागाकार

अनेक छोट्या गोष्टी एकत्र बांधलेल्या सिनेमाला आपण सरसकट अँथॉलॉजी म्हणतो. एकेका सुट्टीत एकेक गोष्ट बघू, असं वाटतं. ते जमेल की नाही हे भागाकार सांगतो. एकूण मिनिटं घ्या आणि त्यांना गोष्टींच्या संख्येने भागा.

'बॉम्बे टॉकीज' (२०१३) दोन तासांच्या आसपास आणि गोष्टी चार, म्हणजे एकेक अर्ध्या तासाची. मराठीतला 'बायोस्कोप' (२०१५) तसाच, चार कवितांवरून चार दिग्दर्शकांनी केलेल्या चार गोष्टी. त्यातला रवी जाधव यांचा 'मित्रा' कवितेबरोबरच विजय तेंडुलकरांच्या कथेवरही आहे, तो तर अजिबात घाईत बघू नका. गेल्या काही वर्षांत ओटीटीवर आलेल्या हिंदी अँथॉलॉजी जवळजवळ सगळ्या याच मापाच्या आहेत. म्हणजे जेवणाची सुट्टी.

'दस कहानियाँ' (२००७) दोन तासांत दहा गोष्टी, म्हणजे बाराच्या आत-बाहेर. थोडी ओढाताण होते, पण जमतं. आणि 'पॅरिस, ज तेम' (२००६) दोन तासांत अठरा गोष्टी, म्हणजे साडेसहा मिनिटं. हा आपला सिनेमा.

काही संग्रहांत तर मिनिटं हाच नियम असतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२मध्ये अकरा देशांच्या अकरा दिग्दर्शकांनी केलेल्या संग्रहात प्रत्येकाला बरोबर ११ मिनिटं, ९ सेकंद आणि १ चौकट एवढीच जागा होती. त्यातली सुरुवातीची गोष्ट समीरा मखमलबाफ यांची. इराणमधल्या वीटभट्टीवर अफगाण निर्वासितांची मुलं शिकताहेत, आणि बाई त्यांना न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या उंच इमारती समजावू पाहताहेत. मुलांनी पाहिलेली उंच गोष्ट एकच, भट्टीचं धुरांडं. त्याच वर्षी 'टेन मिनिट्स ओल्डर' नावाचे दोन संग्रह आले, पंधरा दिग्दर्शक आणि प्रत्येकी दहा मिनिटं. हे नाव त्यांनी हर्ट्स फ्रँक यांच्या १९७८च्या लॅटव्हियातल्या माहितीपटावरून घेतलं. तो मूळ सिनेमा दहा मिनिटांचा आहे. बाहुल्यांचा खेळ बघणाऱ्या मुलांच्या अंधारातल्या गर्दीतून कॅमेरा एका लहानग्याचा चेहरा शोधतो आणि मग तिथेच राहतो. खेळ आपल्याला दिसतच नाही. भीती, हसू, रडू, सुटका, सगळं त्या चेहऱ्यावर. या सगळ्यांतून एकच बघायचा असेल तर हा बघा.

भागाकारानंतर आणखी एक तपासणी. गोष्टी सुट्या आहेत की एका दोऱ्यात ओवलेल्या? 'डरना मना है'मध्ये जंगलात अडकलेली मुलं एकमेकांना गोष्टी सांगतात आणि बाहेरची ती गोष्टही पुढे सरकत असते. असा सिनेमा तुकड्यांत बघितला तर दोरा हातातून सुटतो. सुरुवातीची पाच मिनिटं बघा. पहिली गोष्ट सुरू व्हायच्या आधी सांगणारं कुणी भेटलं, तर तो सुट्टीसाठी नाही.

'पॅरिस'चे तुकडे पाडताना

रविवारी अर्धा तास घेऊन मी हा सिनेमा उघडला आणि सरकपट्टी पुढे नेत गेलो. प्रत्येक गोष्ट शहराच्या एकेका भागात घडते आणि सुरुवातीला त्या भागाचं नाव पडद्यावर येतं. ते नाव आलं की वेळ लिहायची, असं अठरा वेळा. दोन गोष्टींच्या मध्ये शहराची काही दृश्यं येतात, तिथे थांबायचं. ओटीटीचं 'पुढे चालू ठेवा' इथे उपयोगाचं नाही. तुम्ही थोडं आधी किंवा नंतर थांबलात की ते भलत्याच जागी नेऊन ठेवतं. कागदावरची वेळ चुकत नाही. आणि क्रम पाळायचाच असेल तर एवढाच पाळा: 'चौदावा विभाग' ही शेवटची गोष्ट शेवटीच ठेवा, कारण तिच्यानंतर आधीची काही माणसं पुन्हा दिसतात.

ताईला मी त्यातली वॉल्टर सालेस आणि डॅनिएला तोमास यांची पाचेक मिनिटांची गोष्ट आधी दिली. एक तरुण मुलगी पहाटे आपलं तान्हं बाळ पाळणाघरात ठेवते, अंगाई म्हणते, बस-रेल्वेने लांबचा प्रवास करून एका श्रीमंत घरी पोचते. तिथलं बाळ रडतं. ती त्याला तीच अंगाई म्हणते. संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणून उपशीर्षकांकडे बघत बसावं लागत नाही. ताईची स्वतःची मुलगी त्या रात्री सासूबाईंजवळ झोपली होती. पहाटे साडेचारला मला तिचा मेसेज आला, "बघितला. पुरा बघितला."

यादी ठेवायची कशी

सुट्टीत शोधायचं नाही, हा यातला एकच कडक नियम. रविवारी पाच नावं काढा, दुवे यूट्यूबच्या `Watch later`मध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये ठेवा आणि प्रत्येकापुढे मिनिटं, संवाद आहेत की नाहीत आणि जड की हलका एवढं लिहा. `Autoplay` बंद करा, नाहीतर श्रेयनामावली संपायच्या आत दुसरंच काही सुरू होतं. ताईची पहिल्या आठवड्याची यादी अशी होती: 'नेबर्स', 'आबिद', 'एक अनेक', पॅरिसमधली अंगाईची गोष्ट आणि फ्रँक यांचा तो चेहरा. पाचातले चार तर संवादांविनाच कळतात. तिच्या खोलीत दुसरी नर्स झोपलेली असते, त्यामुळे आवाज अगदी बारीक ठेवूनही बघता येईल असेच मी निवडले.

दोन आठवड्यांनी तिने तक्रार केली ती खरी होती. लघुपट फार जड असतात. पुरस्कारांच्या यादीतून निवडलं की हे होतंच, कारण दहा मिनिटांत ठसा उमटवायचा तर बरेच जण मरण किंवा अन्याय निवडतात. "दादा, वॉर्डात हेच बघते मी. हसवणारं दे."

तेव्हा मी पुन्हा एक रिळाच्या दिवसांकडे गेलो. चॅप्लिनचा 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस' (१९१४). टोपी-काठीवाला तो भटक्या प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसला तो याच सिनेमात. लहान मुलांच्या गाड्यांची शर्यत चालू आहे, कुणीतरी तिचं चित्रण करतोय आणि हा सारखा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला ढकलतात, तो परत येतो. सहा-सात मिनिटं, बस्स. मात्र मूकपटांच्या बाबतीत मिनिटांवर फार विसंबू नका. मूळ फिल्म वेगवेगळ्या वेगाने चालवून प्रती काढलेल्या असतात, त्यामुळे एकाच सिनेमाची एक प्रत पाच मिनिटांची आणि दुसरी सातची मिळते. माणसं नेहमीपेक्षा तुरुतुरु चालताना दिसली तर ती घाईची प्रत समजा आणि संथ प्रत शोधा. ताईला सात मिनिटांची दिली आहे, उद्या तिची पुन्हा रात्रपाळी आहे.